गावाला इन्व्हर्टरची बॅटरी ऑनलाइन पाठवताय? ऑर्डर दाबायच्या आधी एवढं बघून घ्या

मी पुण्यात, आई-अण्णा तासगावजवळ गावाला, आणि घरची बॅटरी बसली की फोन मला येतो. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसात बसल्याबसल्या दहा मिनिटात नवीन बॅटरी ऑर्डर केली, पुढचा दीड आठवडा त्याचं निस्तरण्यात गेला. यावेळी चुलत भावाला बॅटरी घ्यायची होती, त्याला फोनवर जे जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

पहिलं म्हणजे साइट उघडायच्या आधी घरी फोन लावा आणि लाईट गेल्यावर नक्की काय काय चालू असतं ते विचारा. आमच्याकडे दोन जुने सिलिंग फॅन, चार एलईडी बल्ब, टीव्ही आणि वायफायचा डबा. जुना फॅन 75 वॅटचा धरा, म्हणजे दोनाचे 150, बल्ब 9 वॅटचे म्हणजे 36, टीव्ही 50, वायफाय 10, सगळं मिळून साधारण 250 वॅट. इन्व्हर्टरवर 900 व्हीए लिहिलेलं असतं तो आकडा एका वेळी किती ओझं उचलेल त्याचा आहे, ते किती तास चालेल हे बॅटरी ठरवते, आणि ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस इन्व्हर्टर मोठा घेतो आणि बॅकअप तेवढाच राहतो.

आता बॅटरीवर 150 एएच, म्हणजे अँपिअर-तास, लिहिलंय. 12 व्होल्टने गुणलं की 1800 वॅट-तास, भागिले 250, म्हणजे सात तास, मीही असाच हिशोब केला होता. पण 150 च्या शेजारी बारीक अक्षरात C20 लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा की ही बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली, म्हणजे साडेसात अँपिअरने, तरच 150 मिळतात. आपण तिला तसं हळू वापरतच नाही. 250 वॅटच्या लोडला इन्व्हर्टर स्वतःचं खाऊन बॅटरीतून 300 च्या वर ओढतो, म्हणजे 25-26 अँपिअर, आणि एवढ्या जोरात ओढलं की तीच बॅटरी 120 च्या आसपासच देते. हिशोब येतो साडेचार तासांवर, तोही नव्या बॅटरीचा. सोलर बॅटरी म्हणून विकतात त्यांच्यावर बहुतेक C10 असतं, म्हणजे दहा तासांचा हिशोब, त्यामुळे 150 C10 आणि 150 C20 एकाच किमतीत दिसल्या तर C10 वाल्यात माल जास्त आहे.

तास कमी पडत असतील तर लगेच 200 ची बॅटरी घ्यायला धावू नका. आमच्या 250 मध्ये 150 तर नुसते पंखेच खातायत. बीएलडीसी पंखा 30 वॅटमध्ये चालतो, दोन्ही बदलले की लोड 160 वर येतो आणि त्याच 150 च्या बॅटरीवर सात तासांच्या पुढे जातं. शिवाय मोठी बॅटरी भरायलाही तेवढा करंट लागतो, जुना इन्व्हर्टर दहा अँपिअरने चार्ज करत असेल आणि गावात दिवसातून दोनदा लाईट जात असेल तर मोठी बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि अर्धवट राहून राहून लवकर मरते. इन्व्हर्टरच्या मागच्या स्टिकरवर चार्जिंग करंट लिहिलेला असतो, अण्णांना त्याचा फोटो पाठवायला सांगा. 150 ला पंधराच्या आसपास हवा.

अजून एक साधी खूण म्हणजे वजन. टॉल ट्युब्युलर 150 ची बॅटरी आतल्या अॅसिडसकट पन्नास-साठ किलोच्या घरात असते, कारण आत शिसं असतं आणि शिशाला शॉर्टकट नाही. पेजवर त्याच मापाची टॉल बॅटरी 40 किलोच्या खाली दिसली तर मी पुढे वाचतच नाही.

(अंगणातल्या सोलर लाईटचंही असंच आहे. भावाने गोठ्यासाठी 400 वॅटचा लाईट दाखवला, खाली बॅटरी लिहिलेली 3.2 व्होल्ट 20 एएच. गुणाकार केला की 64 वॅट-तास, रात्र बारा तासांची, म्हणजे रात्रभर जेमतेम पाच वॅट. ते 400 हे मॉडेलचं नाव समजायचं, वॅट नाही. बॅटरीचा आकडाच दिला नसेल तर सोडून द्या.)

आता वॉरंटी. पेजवर मोठ्या अक्षरात 60 महिने, आणि आत गेल्यावर 36+24. पहिले 36 महिने बॅटरी गेली तर फुकट बदलून, पुढचे 24 महिने प्रो-राटा, म्हणजे नवीन बॅटरीवर फक्त काही टक्के सूट. गंमत अशी की ती सूट एमआरपीवर मिळते, तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही. समजा एमआरपी 20,000 आहे आणि तुम्ही 14,500 ला घेतली. चाळिसाव्या महिन्यात बॅटरी गेली, कार्डाप्रमाणे 25 टक्के सूट बसली, तर नवीन पडली 15,000 ला. तीच बॅटरी बाहेर साडेचौदाला मिळतेय! म्हणून दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून बघताना अधिकच्या चिन्हाच्या डावीकडचा आकडाच बघायचा. 48+12 आणि 36+24 दोन्ही 60 च, पण माझ्या दृष्टीने त्यात एका वर्षाचा सरळ फरक आहे. आणि बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा पहिल्याचीच उरलेली मुदत मिळते, नव्याने सुरू होत नाही, तेही कार्डावर वाचून घ्या.

क्लेम अडतो तो बहुतेक कागदावर. ऑनलाइन बिलावर बऱ्याचदा बॅटरीचा सिरीयल नंबरच नसतो आणि सर्व्हिसवाला तोच मागतो. ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला मेसेज करून विचारा की बिलावर नंबर टाकणार का, नसेल तर बॅटरी आल्या दिवशीच कंपनीच्या साइटवर किंवा अॅपवर नंबर आणि बिल टाकून रजिस्टर करून घ्या. वॉरंटी कंपनीची आहे की विक्रेत्याची हेही बघा, विक्रेत्याची असेल तर तो दोन वर्षांनी त्या साइटवर असेलच असं नाही. बिल गावच्या पत्त्यावर करा, मी पुण्याच्या पत्त्यावर केलं होतं आणि सर्व्हिसवाले मला पुण्यातलं सेंटर सांगत बसले.

बसवणार कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मी हेच विचारलं नव्हतं. पेजवर फ्री इन्स्टॉलेशन होतं, बॅटरी आली, ड्रायव्हर गेटपाशी खोका उतरवून निघून गेला. आईचा फोन, "अरे तो म्हणतोय आत न्यायचं आमच्यात बसत नाही, आता हे धूड हलवायचं कुणी?" शेजारची दोन पोरं बोलवून पडवीत आणली. मग कंपनीला फोन केला तर म्हणे तुमच्या पिनकोडला आमचा माणूस येत नाही, आला तर जाण्यायेण्याचे पैसे वेगळे. शेवटी गावातल्याच वायरमनने 400 रुपये घेऊन जोडली. म्हणजे करायचं असं की ऑर्डरच्या आधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरला फोन करायचा, विक्रेत्याच्या नव्हे, आणि गावचा पिनकोड सांगून विचारायचं: माणूस येतो का, किती दिवसात येतो, वरचे पैसे किती, आणि खोका आम्ही उघडायचा का त्याच्यासमोरच उघडायचा. हे शेवटचं मुद्दाम विचारा, कारण साइट तुमच्याकडून खोका उघडतानाचा व्हिडिओ मागू शकते आणि कंपनी म्हणू शकते की आमचा माणूस यायच्या आत उघडू नका. फ्रीमध्ये सहसा फक्त दोन वायरी जोडणं येतं, ट्रॉली, लांब केबल, घरातलं नवीन वायरिंग हे सगळं वेगळं.

जुन्या बॅटरीचंही आधीच ठरवा. ऑनलाइन किंमत जुनी देऊन आहे की न देता आहे ते पेजवर कुठेतरी असतंच, आणि तालुक्याच्या दुकानदाराला दोन्ही भाव विचारा. आमच्या जुन्या बॅटरीचे दुकानदार तीन हजार देत होता, वर नवीन घरपोच करून जोडून देणार होता. ते धरलं तर ऑनलाइन मला फार तर पाचशे रुपये स्वस्त पडली, आणि त्या पाचशेसाठी दीड आठवडा. तुमच्या दुकानदाराचा भाव जास्त असेल तर ऑनलाइन घ्या की, पण बेरीज करून घ्या.

बॅटरी येईल त्या दिवशी घरी कोणीतरी धडधाकट माणूस हवा. खोक्याचा तळ ओला असेल तर घ्यायचीच नाही, ते पाणी नाही, अॅसिड आहे, हात लावू नका आणि फोटो काढून परत पाठवा. कोरडा असेल तर सिरीयल नंबर आणि बनल्याची तारीख यांचा फोटो घ्या, सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मी बदलून मागेन, पडून राहिलेली बॅटरी आतून खराब होत असते. वायरमनकडे मीटर असतोच, जोडायच्या आधी व्होल्टेज बघायला सांगा, साडेबाराच्या पुढे असेल तर ठीक, 12.2 च्या खाली असेल तर ती बरेच दिवस पडलेली आहे.

जोडताना वायरमन घाईत असतो म्हणून अण्णांना तीन गोष्टींवर उभं करा. झाकणांच्या जागी प्रवासापुरती बुचं लावलेली असू शकतात, ती काढून पिशवीत वेगळे आलेले पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट बसवले का. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा खटका असतो, तो ट्युब्युलरवर आहे का. आणि जागा: चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे बंद कपाटात नको आणि देवघराखाली तर नकोच, आमची आधीची तिथेच होती, वर समई.

मग दहा-बारा तास काही न चालवता नुसती भरू द्या. दुसऱ्या दिवशी मेन स्विच बंद करून रोजचा सगळा लोड लावा आणि घड्याळ बघा, इन्व्हर्टर ओरडेपर्यंत. हे परत करायच्या मुदतीच्या आत करायचं, ती मुदत ऑर्डरच्या पेजवर लिहिलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी जेमतेम आठवडाभराची असते. भावाच्या घरचाही लोड आमच्याएवढाच, त्याच्या बॅटरीला 4 तास 20 मिनिटं आली, काकांनी वॉरंटी कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवलंय, पुढच्या वर्षी परत बघणार म्हणतात.