बिलाच्या फोटोतला ८ की ३? ताळा शीटनेच करायचा

ठाण्यातल्या घराची वर्षभराची विजेची बिलं फोटोवरून शीटमध्ये घेताना, घडीच्या रेघेवर पडलेला ८ हटकून ३ वाचला जात होता. चालू रीडिंग ४७६८ चं ४७६३ झालं. मागील ४५८२, म्हणजे फरक १८१; बिलावर युनिट मात्र १८६. म्हणून चालू B, मागील C, गुणक अवयव D आणि युनिट E मध्ये भरून तिसऱ्या ओळीपासून हे सूत्र लावलं:

```
=AND((B3-C3)*D3=E3, C3=B2)
```

FALSE आलं की तेवढंच बिल डोळ्यांनी पाहायचं. मीटर बदललेल्या महिन्यात मात्र आकडे बरोबर असूनही FALSE येतं, कारण नव्या मीटरचं रीडिंग जुन्याशी जुळत नाही. जुन्याचे युनिट बहुधा ‘समायोजित युनिट’मध्ये सापडतात.