मधुमेहात कॅल्शियमची गोळी: आधी ताट मोजा, मग पाकीट वाचा

टाइप २ मधुमेहात हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी ठीक आली तरी हाड मोडण्याचा धोका त्या आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. म्हणून कॅल्शियमची गोळी सुरू होते, पण बरेचदा ती चुकीच्या हिशेबाने घेतली जाते.

१. पाळी गेलेल्या बाईला रोज साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दोन कप दूध-दह्यातून अंदाजे ४८०, नाचणीच्या एका भाकरीतून (५० ग्रॅम पीठ) १७०, बाकी जेवणातून दीडएकशे. म्हणजे ८०० झाले, उरले ४००. त्यासाठी ५०० ची एकच गोळी पुरे, दोन नकोत.

२. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असतं, त्यातलं खरं कॅल्शियम ५०० च. हिशेबात हा आकडा धरा.

३. कार्बोनेट पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषलं जात नाही. ते जेवणासोबत घ्या. पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल, तर त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं.

४. गोळीसोबत पायांत ताकदही हवी, म्हणजे पडणं टळेल. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. तोल जात असेल तर खुर्ची भिंतीला लावून. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर आधी साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच. साखर उतरून पडल्यानेही फ्रॅक्चर होऊ शकतं.

सावधान: ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळ, मूत्रपिंडाला इजा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच घ्या.