प्रिंटमध्ये पांढऱ्या रेघा येतायत? आधी हेड क्लीनिंग दाबणं थांबवा

प्रिंटमध्ये रेघा दिसल्या की बहुतेक लोकं एकच करतात, हेड क्लीनिंग, मग परत हेड क्लीनिंग, मग अजून एकदा, आणि टाकीतली शाई खाली आली की विचारतात हेड गेलं का हो. प्रत्येक क्लीनिंगला शाई पंपाने ओढली जाते आणि प्रिंटरच्या पोटातल्या वेस्ट पॅडमध्ये जाते, आणि तिथे एक काउंटर चालू असतो, तो भरला की चांगला चालणारा प्रिंटरसुद्धा लाईट चमकवत बंद पडतो. म्हणजे एक दुखणं घालवायला गेलात आणि दुसरं ओढवून घेतलंत.

मी इथे इंक टँकवाल्या, हेड आतच फिक्स असलेल्या प्रिंटरबद्दल लिहितोय, एप्सनच्या एल सिरीजसारख्या. एचपी किंवा कॅननचा छोटा कार्ट्रिजवाला असेल तर त्याचं हेड कार्ट्रिजमध्येच असतं, ओल्या टिश्यूवर टेकवून बघा, नाही झालं तर नवीन कार्ट्रिज टाका, डोकं खपवू नका. कॅननच्या जी सिरीजमध्ये हेड वेगळं निघतं आणि वेगळं मिळतं, तिथेही काम सोपं आहे.

आधी कागद वाचा

नोझल चेक काढा, मग एकच हेड क्लीनिंग, मग परत नोझल चेक. दोन्ही कागदांवर पेनाने १ आणि २ लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा. त्या पॅटर्नमधली प्रत्येक बारीक रेघ म्हणजे एक नोझल, हेडमधलं शाई सोडणारं एक छिद्र. पिवळा नीट दिसत नसेल तर निळ्या पारदर्शक फाईलमधून बघा, पिवळं काळपट दिसतं आणि तुटलेली जागा लगेच कळते.

दोन्ही कागदांवर त्याच त्याच जागी रेघ गायब असेल तर तिथे शाई सुकली आहे. जागा बदलत असतील, म्हणजे आधी इथे तुटलं होतं आता तिथे, तर ते सुकणं नाही, हवा शिरली आहे नाहीतर सक्शन कमी पडतंय. आणि एखादा रंग पूर्णच गायब असेल, एकही रेघ नाही, तर त्या रंगाची सगळी छिद्रं एकाच रात्रीत बुजली असं फार क्वचित होतं, बहुतेक वेळा तिथपर्यंत शाईच पोचत नाहीये. अजून एक, नोझल चेक अगदी स्वच्छ येतो पण फुल पेज फोटो निम्म्यावर फिका पडत जातो, तेव्हा हेडला हात लावू नका, टाकीतली पातळी खालच्या रेघेच्या खाली गेली होती का ते बघा, नळीत हवा असेल.

ही तीन-चार दुखणी वेगळी आहेत आणि दुकानात सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, "हेड गया भैया, नया लगेगा".

कॅप तपासा, खरं काम इथे आहे

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते या भागाने, कारण हेडकडेच बघत बसायची सवय असते आणि हेड जिथे जाऊन बसतं तिकडे कोणी बघतच नाही.

झाकण उघडा, प्रिंटर चालू करा, कॅरेज उजवीकडून निघून मधे आलं की बोर्डावरचा स्विच बंद करून प्लग काढा. आता कॅरेज हाताने हलकेच सरकतं. उजव्या कोपऱ्यात रबराच्या काठाची एक छोटी चौकोनी वाटी दिसेल, आत स्पंज, तीच कॅप. शेजारी उभी रबरी पट्टी असते तो वायपर. प्रिंटर बंद असताना कॅप हेडला खालून घट्ट चिकटून बसते म्हणून शाई सुकत नाही, आणि क्लीनिंगच्या वेळी याच वाटीतून पंप शाई ओढतो. या रबरी काठावर सुकलेल्या शाईचा जेलीसारखा थर बसला, नाहीतर एखादा केस किंवा कागदाचा तंतू अडकला, की फट राहते. मग पंप शाईऐवजी हवा ओढतो. तुम्ही दहा वेळा क्लीनिंग करा, काही होणार नाही.

इयरबड ओला करून काठ चारी बाजूंनी पुसा, बड काळा येणं थांबेपर्यंत, वायपरची धारही पुसा. मग सिरिंजने वाटी काठोकाठ पाण्याने भरा. पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, किंवा मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीच्या स्टराईल वॉटरच्या १० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात त्या. नळाचं नको, त्यातले क्षार सुकून तिथेच बसतात, आणि सलाईन तर अजिबात नको, ते मिठाचं पाणी आहे. आता कॅरेज हाताने उजवीकडे नेऊन बसवा, प्लग लावा, एक हेड क्लीनिंग करा आणि संपल्यावर पुन्हा आधीसारखंच कॅरेज मधे आणून प्लग काढा. वाटी रिकामी झाली असेल तर पंप ठीक. पाणी जसंच्या तसं असेल तर कॅपच्या खालची बारीक नळी तुंबली आहे किंवा पंप दमलाय, आणि दोष हेडचा नाहीच. ती नळी सोडवून सिरिंजने कोमट डिस्टिल्ड वॉटर ढकलायचं असतं. खोलायची हिंमत नसेल तर जेल रोडवर रिपेअरिंगच्या दुकानात द्या, पण स्पष्ट सांगा की कॅप युनिट साफ करायचंय.

रात्रभर भिजवणं

पंप ठीक आहे आणि रेघा त्याच जागी तुटतायत, तर वाटी परत पाण्याने भरा, कॅरेज त्यावर बसवा आणि प्लग काढलेलाच ठेवून रात्रभर सोडा. बास, यात करण्यासारखं काही नाही. सकाळी चालू करून एक क्लीनिंग, एक नोझल चेक. सुरुवातीची पानं मळकट रंगाची येतील कारण पाण्यातून रंग एकमेकांत थोडे जातात, घाबरू नका. मग जो रंग तुटतोय त्या एकाच रंगाची भरलेली दोन-तीन पानं छापा, क्लीनिंगमध्ये सगळेच रंग वाया जातात, इथे फक्त हवा तो वाहतो.

इथे एक जपून. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत डायची. डाय पाण्यात परत विरघळते, पिगमेंट सुकलं की सहज सुटत नाही, त्याला दोन-तीन रात्री द्याव्या लागतात. म्हणून घाईने थिनर, ॲसिटोन, उकळतं पाणी असलं काही घालू नका, हेडच्या आतले थर गोंदाने जोडलेले असतात. आणि नोझलच्या खालच्या पत्र्यावर टाचणी, ब्रश, खरखरीत कापड काही घासायचं नाही, छिद्रं केसापेक्षा बारीक आहेत.

पॉवर क्लीनिंग, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जास्त शाई ओढणारं क्लीनिंग, हे अगदी शेवटी, आणि टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच, नाहीतर नळीत हवा जाते. दोन पॉवर क्लीनिंगमध्ये १२ तासांचं अंतर ठेवायचं.

सिरिंज

व्हिडिओत सिरिंजने जोरात पाणी मारताना दाखवतात, ते बघून हेड मारलेले लोक मला माहीत आहेत. हेड बाहेर काढून, सलाईनच्या ड्रिपच्या नळीचा ३-४ सेंटिमीटरचा तुकडा सिरिंजला लावून तो हेडवरच्या त्या रंगाच्या टोकावर बसवायचा, सिरिंजमध्ये २-३ मिली पाणी, आणि दट्ट्या काढून टाकायचा. पाणी स्वतःच्या वजनाने उतरू द्या, अर्धा तास लागला तर लागला. अंगठ्याने दाबलंत तर आतले थर सुटतात आणि मग एका रंगातून दुसरा रंग यायला लागतो, त्यावर इलाज नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, चपटी रिबन केबल आणि तिची जागा कोरडी राहिली पाहिजे. थेंबभर ओल राहून करंट दिला तर हेड जातंच, सोबत मेन बोर्डही नेतं. हेड धुतल्यावर एक पूर्ण दिवस वाळू द्या, मगच जोडा.

एक उदाहरण

रामबागेतल्या एका ताईंचा क्लासचा प्रिंटर, मे महिनाभर बंद. आपल्याकडे त्या दिवसांत हवा किती कोरडी असते सगळ्यांना माहीतच आहे. जूनमध्ये लावला तर लाल पूर्ण गायब, काळ्यात मधे मधे तुटलेलं, दुकानदाराने हेड सांगितलं. विचारलं तर कळलं की त्या रोज बोर्डाचं बटण बंद करायच्या, प्रिंटरचं नाही. असं केलं की कॅरेज जिथे असेल तिथे थांबतं, कधीकधी कॅपवर पोचतच नाही, आणि हेड उघडं राहतं.

वाटी बघितली तर काठावर काळं कडं झालेलं, भरलेलं पाणी क्लीनिंगनंतरही तसंच. खालची नळी सोडवून सिरिंजने ढकललं तेव्हा शेंबडासारखी शाई बाहेर आली आणि मग पाणी मोकळं वाहायला लागलं. त्यानंतर एकाच क्लीनिंगमध्ये लाल निम्मा परत आला. रात्रभर भिजवलं, सकाळी लालच्या चार रेघा तुटलेल्या, लाल पानं छापल्यावर त्याही भरल्या. काळ्यात एक रेघ शेवटपर्यंत आली नाही आणि मी ती तशीच सोडली. एकदोन नोझल गेले तर चांगल्या क्वालिटीला डोळ्याला कळत नाही, कारण हेड त्याच पट्टीवरून पुन्हा जातं आणि दुसरे नोझल ती जागा भरतात. त्या एका रेघेसाठी हेड खोलायचं नसतं.

हेड खरंच गेलं कधी म्हणायचं

कॅप आणि पंप ठीक आहेत, तीन रात्री भिजवलं, आणि तरी नोझल चेकच्या सगळ्या कागदांवर तीच जागा, एका रेघेचाही फरक नाही, तर आशा सोडायला हरकत नाही. थोडासा जरी फरक पडत असेल तर अजून भिजवा. सिरिंजमधलं पाणी एखाद्या रंगातून सरळ खाली उतरतंय, म्हणजे वाट मोकळी आहे, नळीत हवा नाही, आणि तरी तो रंग छापतच नसेल तर दोष विजेचा आहे, धुऊन सुटणार नाही. त्या रंगाची पानं छापून झाल्यावरही तासाभराने पिवळ्यात हिरवट येत असेल तर थर सुटलेत. कागद अडकून खालच्या पत्र्यावर ओरखडा आला असेल तर रेघा वाकड्या पडतात, त्याही सरळ होत नाहीत. आणि हेडची केबल काढल्यावर प्रिंटर नीट चालू होतो पण जोडली की लगेच बंद पडतो, तर पुन्हा पुन्हा जोडून बघू नका, बोर्ड वाचवा.

अशा वेळी हेड आणि मजुरी मिळून किती होतात ते आधी विचारा. नव्या प्रिंटरच्या निम्म्याच्या वर जात असेल तर मी बदलायला सांगत नाही, कारण त्या जुन्या मशीनचा पंप, कॅप आणि वेस्ट पॅडही तितकेच वापरलेले असतात. निम्म्याच्या आत असेल तर बदला, पण हेडबरोबर कॅप युनिटही नवीन टाकून घ्या, नाहीतर त्याच घाणेरड्या वाटीवर नवीन हेड जाऊन बसेल.