‘अडकल्यासारखं वाटतंय’ असा मेसेज आल्यावर या चुका टाळा

माझी मावसबहीण पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. तिसऱ्यांदा पूर्व परीक्षा हुकली, त्या आठवड्यात रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला: ‘ताई, अडकल्यासारखं वाटतंय. काय करू कळत नाहीये.’ मी लगेच टेस्ट सिरीज, बँकेच्या परीक्षा, सहा महिन्यांची मुदत असं सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘हो, बघते.’ मग दहा दिवस काहीच नाही.

माझी चूक ‘काय करू’ला प्रश्न समजण्यात झाली. ‘काय करू कळत नाहीये’ हा बहुतेक वेळा सुस्कारा असतो. खऱ्या प्रश्नात पर्याय किंवा तारीख असते: ‘बँकेचा फॉर्म भरू की नको? शुक्रवार शेवटचा दिवस आहे.’ इथे मात्र ‘तुला किती त्रास होत असेल’ म्हणत बसणं ही उलटी चूक. तिला शुक्रवारच्या आत उत्तर हवंय.

मेसेजवरून कळत नसेल तर तिच्याच शब्दांना धरून एक ओळ लिहा आणि थांबा. मी लिहायला हवं होतं: ‘तीन वर्षं झाली, आणि आता पुढे जाववत नाही, मागेही फिरता येत नाही, असं का?’ दुसरा मेसेज लांबलचक आला, त्यात घरच्यांचे फोन, मैत्रिणीचं लागलेलं पोस्टिंग निघालं, तर तिला बोलायचंय. ‘हो ना, म्हणूनच विचारतेय, तू असतीस तर काय केलं असतंस?’ असं आलं, तर सल्ल्याला दार उघडलं.

सल्ला चुकीच्या वेळी गेला की ‘हो, पण…’ सुरू होतं. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी समुपदेशनात हेच टिपलं: द्विधा मनःस्थितीतल्या माणसाला एका बाजूला ढकललं की तो दुसऱ्या बाजूने बोलू लागतो. दोनदा ‘हो, पण’ आलं की तिसरा उपाय सुचवू नका. ‘मी घाई केली, तू सांग’ एवढं लिहा. दहा दिवसांनी मी तेच लिहिलं, तेव्हा तिने फोन केला. अभ्यासाचं नावही निघालं नाही. बाबांना निकाल सांगितला नव्हता, तिथे ती अडकली होती.

‘सल्ला हवाय की नुसतं ऐकू?’ हे थेट विचारायला हरकत नाही, पण पहिल्याच ओळीत नको. तिथे ते फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. दोनतीन मेसेज झाल्यावर विचारा.

‘कशालाच अर्थ नाही’, ‘मी नसते तर बरं’ अशी वाक्यं आली तर हा सगळा अंदाज बाजूला ठेवा. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका, जवळच्या कुणाला तिच्याकडे पाठवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दोघींनी मिळून फोन लावा.