चार दिवसांत व्याख्या पाठ करायच्या तर (बारावी अर्थशास्त्र)

पेपर शनिवारी आहे आणि आज मंगळवार, असं धरून चालू. विषय बारावीचं अर्थशास्त्र, कारण तिथे व्याख्यांना थेट मार्क आहेत: पारिभाषिक शब्द द्या, संकल्पना ओळखून स्पष्ट करा, फरक स्पष्ट करा. पेन, पुस्तक, कोरी वही लागेल. फोन दुसऱ्या खोलीत. पुढे.

कार्डं लागतील. पाठकोऱ्या कागदांचे पत्त्याएवढे तुकडे कापा, तेवढं पुरे. रंगीत कार्डं शोधत स्टेशनरीच्या दुकानात जाऊ नका, संध्याकाळ तिथेच संपते. आणि सगळ्या पुस्तकातल्या संज्ञा घेऊ नका. चाळीस-पंचेचाळीस घ्या, त्याही आधी जोड्यांच्या: एकूण उपयोगिता आणि सीमान्त उपयोगिता, मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी, देशांतर्गत उत्पादन आणि राष्ट्रीय उत्पादन, नाणेबाजार आणि भांडवल बाजार. जोडीतली एक नीट आली की दुसरी अर्धी येते, शिवाय फरकाचा प्रश्नही त्यातच सुटतो. जोडीचं एक कार्ड करायचं नाही. दोन वेगळी.

कार्डाच्या एका बाजूला संज्ञा. मागच्या बाजूला पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली तर तपासताना फसाल, म्हणून तिचे तुकडे पाडून लिहा. मागणीतील विस्तार घ्या. पहिला तुकडा, इतर परिस्थिती स्थिर. दुसरा, फक्त किंमत कमी झाल्यामुळे मागणी वाढते. तिसरा, त्याच मागणी वक्रावर बिंदू वरून खाली सरकतो. आता वृद्धी. पहिला, किंमत स्थिर. दुसरा, उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या अशा इतर घटकांतल्या अनुकूल बदलामुळे मागणी वाढते. तिसरा, आख्खा वक्र उजवीकडे सरकतो. दोन्हींत मागणी वाढतेच, म्हणून "मागणी वाढणे म्हणजे विस्तार" एवढंच लिहिलं तर ते दोन्हींना लागू पडतं आणि मार्क जातो.

मग खरं काम. संज्ञेची बाजू वर, पुस्तक बंद, आणि वहीत लिहायचं. मनात म्हणायचं नाही. मनात म्हणताना वाक्याचा शेवट नेहमी धूसर राहतो आणि आपण "हां, तेच ते" म्हणून कार्ड उलटतो. काहीच आठवलं नाही तरी दहा-पंधरा सेकंद ताणा, चुकीचं का होईना लिहा, आणि मग लगेच उलटून बघा. बघितल्यावर एकेका तुकड्यापुढे टिक करा. तीनपैकी दोन आले तर ते कार्ड चुकलं. इथे स्वतःवर दया दाखवू नका, तपासणारे दाखवत नाहीत.

नुसतं वाचून काढू नका हे सगळे सांगतात, पण मोह का होतो ते कुणी सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग छापला. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. तुमचा पेपर पाच मिनिटांनी नाही, शनिवारी आहे. वाचल्यावर "आलं आलं" वाटतं ते खरंच असतं, फक्त तेवढ्यापुरतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. बरोबर आलेलं कार्ड गठ्ठ्यातून बाहेर काढायचं नाही. माझ्या परीक्षेच्या वेळी मी कार्डांचे दोन गठ्ठे केले होते. एकदा बरोबर आलं की कार्ड "झालं"च्या गठ्ठ्यात, त्याला रबरबँड, आणि तो ड्रॉवरमध्ये. पेपरात अवघड वाटणाऱ्या व्याख्या छान आल्या. गेल्या त्या ड्रॉवरमधल्या, पहिल्या दिवशी एका फटक्यात जमलेल्या. विस्ताराच्या उत्तरात मी वृद्धीचं कारण लिहून आले.

हे फक्त माझं नाही. त्याच दोघांनी 2008 मध्ये चाळीस स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ मुलांना पाठ करायला दिले. एका गटाला शब्द एकदा बरोबर आल्यावरही पुढच्या प्रत्येक फेरीत विचारत राहिले. दुसऱ्या गटाला एकदा बरोबर आलेला शब्द पुन्हा विचारलाच नाही. त्या दिवसअखेर दोघांनाही सगळे शब्द येत होते. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे 80 टक्के आठवले, दुसऱ्याला 35च्या आसपास. आणि स्वतःला किती आठवेल याचा अंदाज सगळ्यांचा सारखाच होता, साधारण निम्मे. म्हणजे आतून काही कळत नाही. "हे मला येतं" ही भावना गठ्ठा ठरवायला कामाची नाही. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्या सोयीची आहे: एकदा बरोबर आलेला शब्द पुन्हा वाचायला दिला नाही तरी काही बिघडलं नाही. वाचन सोडा, चालेल. विचारणं सोडू नका.

तर दिवस असे लावा. मंगळवारी पंचवीस कार्डं, प्रत्येक एकदा तिन्ही तुकड्यांसह बरोबर येईपर्यंत. चुकलेलं कार्ड लगेच पुन्हा घेऊ नका, पाच-सहा कार्डांखाली सरकवा. लगेच घेतलं तर उत्तर अजून डोळ्यांसमोरच असतं. पहिल्या फेरीत एका कार्डाला दोन मिनिटं सहज जातात, वैतागू नका. जेवल्यावर पंचवीसही पुन्हा एकदा आणि मग झोपा. बुधवारी सकाळी नवीन काही उघडण्याआधी कालची पंचवीस, सगळी, बरोबर आलेलीसुद्धा. यात सातआठ गळालेली दिसतील. ती गळती आज दिसली हे बरंच झालं. मग नवीन वीस, आणि रात्री पंचेचाळीसचा पूर्ण गठ्ठा. गुरुवारी नवीन काहीही नाही, पूर्ण गठ्ठा एकदा सकाळी आणि चुकलेले पुन्हा संध्याकाळी. शुक्रवारी दुपारी पूर्ण गठ्ठा एकदा. पूर्ण म्हणजे पूर्ण.

वेळ पुरत नाही असं वाटलं तर हात कुठे आखडता घ्यायचा तेही ठरलेलं असू दे. दोन वेगवेगळ्या दिवशी बरोबर आलेलं कार्ड लिहू नका, मोठ्याने बोला, वीस सेकंदांत होतं. पण विचारा. काढून ठेवू नका. अगदीच गळ्याशी आलं तर चाळीसचे तीस करा, न विचारलेली पंचेचाळीस घेऊन जाण्यापेक्षा चार दिवस विचारलेली तीस बरी.

गठ्ठा प्रत्येक वेळी पिसा. न पिसलेल्या गठ्ठ्यात विस्तारानंतर संकोच येणार हे हाताला माहीत असतं, आणि आठवतो तो क्रम, व्याख्या नाही. पिसल्यावर पुरवठ्याच्या प्रकरणातला विस्तार मागणीच्या विस्ताराजवळ येऊन बसतो आणि तिथे खरी कसोटी लागते: पुरवठ्याचा विस्तार किंमत वाढल्यावर होतो, मागणीचा किंमत कमी झाल्यावर. गडबडलात तर चांगलंच, आत्ता गडबडा. एकाच जोडीत दोनदा गोंधळ झाला तर दोन्ही कार्डांच्या कोपऱ्यात एकच वेगळा करणारा शब्द लिहा. विस्तारावर "किंमत", वृद्धीवर "इतर घटक".

बुधवार रात्रीपासून कार्ड उलटंही धरा, कारण पेपर उलटं विचारतो. व्याख्या वाचून संज्ञा सांगायची, ही पारिभाषिक शब्दांची तयारी. ती सोपी असते, म्हणून तिच्यावरच समाधान मानू नका. संकल्पना ओळखायच्या प्रश्नाला मात्र उदाहरण लागतं, तेव्हा प्रत्येक जोडीला एकेक स्वतः रचा. आंब्याचा भाव उतरला म्हणून घरात एकाऐवजी दोन पेट्या आल्या: विस्तार. भाव तोच, पण बाबांचा पगार वाढला म्हणून दोन पेट्या आल्या: वृद्धी. पेट्या दोन्हीकडे दोनच आहेत, कारण बघायचं. उदाहरण ओळखल्यावर संकल्पनेचं नाव आणि पूर्ण व्याख्या, दोन्ही लिहायचं असतं. नुसतं नाव लिहून पुढे गेलेले कमी नाहीत.

फोनवर अँकी हे कार्डांचं अ‍ॅप वापरणाऱ्यांनी जपून. त्याची मूळ मांडणी महिन्यांच्या अभ्यासासाठी आहे. नवीन कार्डावर `Easy` दाबलं की ते चार दिवसांनी दिसणार, म्हणजे थेट पेपरच्या दिवशी किंवा तो होऊन गेल्यावर. हाही ड्रॉवरच, फक्त आपोआप बंद होणारा. सेटिंगमध्ये `Maximum interval` 1 करा, किंवा कागदावर या. व्याख्या लिहूनच काढायची असल्याने मला तरी कागद बरा वाटतो.

शुक्रवार संध्याकाळी गठ्ठा बाजूला. आकृत्या, निर्देशांकाची सूत्रं एकदा काढून बघा, हॉल तिकीट, पेन, झोप. रात्री बारा वाजता नवी व्याख्या घेऊ नका, ती जुनीच्या अंगावर चढते.

शनिवारी सकाळी वेळ असेल तर फक्त जोड्यांची कार्डं, संज्ञेची बाजू वर धरून, तोंडी. पहिल्याच दिवशी जमलेली आधी.