कुठल्या शंभरातले? बेरोजगारीच्या आलेखांत या चुका टाळा

फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत शोधनिबंधांच्या बाइंडिंगची गर्दी होते, आणि माझ्याकडे "मॅडम, फक्त एकदा नजर टाका ना" म्हणत मुलं पेन ड्राइव्ह घेऊन यायला लागतात. अर्थशास्त्राच्या मुलांचा आवडता विषय ठरलेला: वय आणि लिंग यांनुसार बेरोजगारी. आकडे बहुतेकांचे पीएलएफएसचे, म्हणजे आवधिक श्रमबल सर्वेक्षणाचे. आकडे चांगले असतात, मजकूरही बरा असतो. आलेख आणि त्याखालची ओळ मात्र दरवर्षी त्याच जागी घसरते.

सगळ्यात आधी वृत्तालेख, ज्याला मुलं पाय चार्ट म्हणतात. एका चर्चासत्रात माझ्या एका विद्यार्थिनीने स्क्रीनवर वृत्तालेख लावला. तीन तुकडे: पुरुष ३२ टक्के, स्त्रिया ३५ टक्के, एकूण ३३ टक्के. खाली ओळ होती, "२०२३-२४ मध्ये ३५ टक्के तरुण स्त्रिया बेरोजगार." पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे विचारलं, "बाळ, हे ३५ कुठून आणलेस? अहवालात तर ११ आहे." तिला उत्तर देता येईना. तिने आकडा बरोबर टाइप केला होता, तो बदलला कधी हे तिला कळलंच नव्हतं. निबंधाचा मजकूर मी तपासला होता, आलेख पाहिला नव्हता. ते आजही मला लागतं.

झालं होतं ते असं. १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारी दर २०२३-२४ मध्ये पुरुषांचा ९.८, स्त्रियांचा ११.० आणि दोघांचा मिळून १०.२ होता. तिने हे तिन्ही आकडे निवडून वृत्तालेख काढला आणि तुकड्यांवर टक्के दाखवायचा पर्याय निवडला. एक्सेलने त्यांची बेरीज केली, ३१.०, आणि प्रत्येक आकडा त्या बेरजेचा किती टक्के होतो ते तुकड्यावर लिहून टाकलं. ११ भागिले ३१, म्हणून ३५. सॉफ्टवेअरला दिलेले आकडे आधीच टक्के आहेत हे त्याला माहीत नसतं. वर "एकूण" हा काही तिसरा गट नव्हे, त्यात पुरुष आणि स्त्रिया दोघंही आलेच आहेत.

वयाच्या बाबतीत हीच चूक जास्त लपून होते. पीएलएफएसच्या तक्त्यांत १५-२९, १५-५९ आणि १५ वर्षे व त्यावरील असे गट शेजारी शेजारी छापलेले असतात. मुलं ते तिन्ही उचलतात आणि वेगवेगळे वयोगट म्हणून मांडतात. पण पहिला गट दुसऱ्याच्या पोटात आहे आणि दुसरा तिसऱ्याच्या. त्यांची तुलना करून "वय वाढतं तशी बेरोजगारी घटते" असं लिहिलं, तर एकाच तरुणाला तीनदा मोजून काढलेला तो निष्कर्ष असतो.

माझी सवय साधी आहे. आलेख काढण्याआधी कागदावर आकड्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेला काही अर्थ आहे का ते स्वतःला विचारायचं. दरांच्या बेरजेला अर्थ नसतो, त्यामुळे दरांचा वृत्तालेख होत नाही. शाळेत शिकलेला जोडस्तंभालेख इथे पुरेसा आहे: प्रत्येक वयोगटाला दोन स्तंभ, एक स्त्रियांचा, एक पुरुषांचा. तो जुनाट दिसतो म्हणून मुलं नाक मुरडतात. दिसू दे जुनाट.

आता दुसरी चूक. ती आकड्यात नसते, खालच्या ओळीत असते, आणि मला विचाराल तर पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते. "३.२ टक्के स्त्रिया बेरोजगार आहेत" हे वाक्य मी इतक्या निबंधांत खोडलं आहे की त्याची मोजदाद ठेवलेली नाही. बेरोजगारी दर शंभर स्त्रियांमागे काढलेला नसतो. तो श्रमबलातल्या शंभर स्त्रियांमागे असतो, म्हणजे ज्या काम करतात किंवा काम शोधतात, कामाला तयार आहेत, त्यांच्यातल्या शंभरांमागे. घरकाम, शिक्षण, आजारपण, वय, कुठल्याही कारणाने ज्या कामही करत नाहीत आणि शोधतही नाहीत, त्या या हिशेबातच नाहीत.

२०२३-२४ चे आकडे घेऊन बघू. १५ वर्षे व त्यावरील वयात पुरुषांचा दर ३.२ आणि स्त्रियांचाही ३.२. दोन स्तंभ अगदी एकाच उंचीचे येतात, आणि मुलं आनंदाने लिहितात, "रोजगारात स्त्री-पुरुष समानता." मी त्यांना फळ्यावर हजार बायका आणि हजार पुरुष मांडायला लावते. हजार बायकांपैकी ४०३ काम करतात, १४ काम शोधतात, ५८३ श्रमबलाच्या बाहेर. हजार पुरुषांपैकी ७६३ काम करतात, २५ शोधतात, २१२ बाहेर. १४ भागिले ४१७ आणि २५ भागिले ७८८, दोन्हींचं उत्तर ३.२ च्या आसपासच येतं. दर सारखा आहे, पण मागची माणसं अजिबात सारखी नाहीत.

काळ जोडला की हे आणखी ठळक होतं. २०१७-१८ मध्ये स्त्रियांचा बेरोजगारी दर ५.६ होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ वर आला. रेषालेखात रेघ झपकन खाली येते. पण २०१७-१८ मध्ये हजारात २२० स्त्रिया काम करत होत्या आणि १३ शोधत होत्या. म्हणजे काम शोधणाऱ्या तेव्हा हजारात १३ होत्या, २०२३-२४ मध्ये १४. दर घटला तो भाजक वाढला म्हणून, काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या स्त्रिया २२० वरून ४०३ झाल्या म्हणून. "बेरोजगार स्त्रियांचं प्रमाण जवळपास निम्मं झालं" असं लिहिलं, तर वाचक हजारातल्या बायकांचा विचार करतो आणि तिथे तर काहीच घटलेलं नाही.

त्यात "काम करणारी" कोण, हेही ओळीत यायला हवं. निफाड-दिंडोरीकडे घरच्या द्राक्षबागेत राबणारी, हातात एक रुपया मजुरी न पडणारी सून या सर्वेक्षणात रोजगार असलेलीच धरली जाते, कारण घरच्या व्यवसायातली बिनपगारी मदत हेही कामच मानलं जातं. ते मानणं योग्यच आहे. पण वाचक "रोजगार" वाचून पगार समजतो, आणि त्याला तसं समजू देणं ही लिहिणाऱ्याची चूक.

म्हणून अशा निबंधात मी दोन आकृत्या मागते. एक विभाजित स्तंभालेख, हजार माणसांचा: काम करणारे, शोधणारे, श्रमबलाबाहेरचे. दुसरा नुसत्या दरांचा जोडस्तंभालेख. पहिल्यात एक अडचण येते, ती आधीच सांगते. दहा सेंटिमीटरच्या स्तंभात हजारातल्या १४ बायकांची पट्टी जेमतेम १.४ मिलिमीटरची होते. तिच्यात आकडा मावत नाही. मग मुलं ती पट्टी जाड करतात किंवा काढूनच टाकतात. दोन्ही नको. पट्टी तेवढीच बारीक ठेवा, गडद रंगवा आणि बाहेर छोटी रेघ ओढून "शोधणाऱ्या १४" असं लिहा. ती बारीक आहे हेच तर दाखवायचं आहे.

आणि दुसऱ्या आकृतीखाली मी मान्य करते ती ओळ अशी:

"आकृती २. बेरोजगारी दर, स्त्रिया व पुरुष, १५ वर्षे व त्यावरील, भारत, जुलै २०२३ ते जून २०२४. श्रमबलातील दर शंभर व्यक्तींमागे, नेहमीच्या स्थितीनुसार (मुख्य व दुय्यम). बिनपगारी घरगुती मदतनीस रोजगारात धरले आहेत. स्रोत: पीएलएफएस वार्षिक अहवाल."

लांब होते, असं प्रत्येक जण म्हणतो. होऊ दे. कोण, कुठले, कधीचे, कुठल्या शंभरातले आणि कुठल्या व्याख्येने, यातलं काय गाळायचं ते मला दाखवा, मी गाळते. आजवर कोणी दाखवलेलं नाही.

व्याख्येवरून आठवलं. "नेहमीची स्थिती" आधीचं अख्खं वर्ष धरून ठरते. "चालू साप्ताहिक स्थिती" फक्त मागचे सात दिवस पाहते. त्या आठवड्यात एक तासही काम नाही आणि कामाचा शोध किंवा तयारी आहे, तर माणूस बेरोजगार. साहजिकच दुसरा आकडा मोठा येतो: २०२३-२४ साठी एकाने ३.२, दुसऱ्याने ४.९. २०२५ पासून पीएलएफएसचे मासिक आकडे येऊ लागले, ते साप्ताहिक स्थितीचे. घाईतली मुलं वार्षिक मालिकेच्या शेपटाला एप्रिल २०२५ चा ५.१ जोडतात आणि रेषा ३.२ वरून उभी चढते. खाली लिहितात, "बेरोजगारीत अचानक वाढ." वाढलेली नसते, मोजपट्टी बदललेली असते. एका रेषेवर एकच व्याख्या. दोन्ही दाखवायच्याच असतील तर दोन वेगळ्या चौकटी करा.

बाकीच्या चुकांना एकेक ओळ पुरे. ९.८ आणि ११.० चे स्तंभ ९ पासून सुरू केले की स्त्रियांचा स्तंभ अडीचपट दिसतो, स्तंभ शून्यापासूनच उभे करा. त्रिमितीय स्तंभ कधीच नको, मागच्या स्तंभाची उंची कोणालाही वाचता येत नाही. गुलाबी-निळा रंग झेरॉक्समध्ये एकच करडा होतो, म्हणून एक भरीव आणि एक रेघांचा घ्या. वयोगट बिंदूंनी दाखवून रेघेने जोडू नका, रेघ वर्षांसाठी ठेवा.

राहिला स्वतःचा सर्व्हे. सातपूरमधली शंभरेक घरं फिरून आलेली मुलं मेहनती असतात, आणि त्यांच्या मेहनतीचं मातेरं खालच्या ओळीत होतं: "नाशिकमधील तरुण स्त्रियांची बेरोजगारी १८ टक्के." समजा, त्या घरांत श्रमबलात असलेल्या तरुण स्त्रिया अकरा निघाल्या आणि त्यातल्या दोघी काम शोधत होत्या. एक जरी शोधणारी कमी मिळाली असती तर १८ चे ९ झाले असते. अशा वेळी मी टक्के छापूच देत नाही. गटात तीसपेक्षा कमी माणसं असली तर मी सरळ संख्या लिहायला लावते, हा माझा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. ओळही मग तशीच: "सातपूरमधील सर्वेक्षित घरांतील श्रमबलात असलेल्या १५-२९ वयाच्या ११ स्त्रियांपैकी काम शोधणाऱ्या २." तिथे आलेखही लागत नाही. दोन ओळींचा तक्ता पुरतो, आणि तक्त्याचं शीर्षक वर येतं, आकृतीसारखं खाली नाही.