बँक दाद देत नाही? तीस दिवस कधीपासून मोजायचे?

एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून पाच हजार गेले, असं समजा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ही रक्कम परत जमा व्हायला हवी. पुढे उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई.

शाखा व्यवस्थापक "बघतो" म्हणाले, तर ती तक्रार धरली जात नाही. लेखी अर्ज द्या, त्यात एटीएमचं ठिकाण, तारीख, वेळ आणि रक्कम लिहा. आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच मजकूर ईमेलने पाठवून तक्रार क्रमांक मागा. बँकेला उत्तरासाठी मिळणारे तीस दिवस या लेखी तक्रारीपासून मोजायचे.

आठवड्याभरात हालचाल नसेल तर तोच क्रमांक देऊन बँकेच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. त्यांचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो, शाखेतही लावलेला असायला हवा. इथे दिवस नव्याने मोजायला लागत नाहीत.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटत नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही. बँकेकडे आधी न जाता थेट इथे आलात तर तक्रार परत येते. प्रकरण कोर्टात असेल तरीही तेच.

पतसंस्थेची तक्रार मात्र इथे चालत नाही. त्यासाठी सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय गाठा.